धुरातला सीओटू अमाइनने धरायचा आणि वाफेने सोडवायचा: एका टनाचा पूर्ण हिशेब

चेंबूर-माहुल पट्ट्यातल्या रिफायनरीत किंवा खताच्या कारखान्यात नोकरी केलेल्या माणसाला अमाइन नवीन नाही. गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड काढायला किंवा अमोनिया प्लांटमधल्या गॅसमधून कार्बन डायऑक्साइड, म्हणजे प्लांटच्या भाषेत सीओटू, वेगळा करायला हेच द्रावण वर्षानुवर्षं फिरतं आहे. या पद्धतीचं पेटंट बॉटम्स यांना १९३० साली मिळालं आणि मूळ मांडणी आजही तीच आहे: एका टॉवरमध्ये थंड अमाइन वायूला भेटतं, दुसऱ्या टॉवरमध्ये ते उकळून वायू सोडतं.

तरीही बॉयलरच्या धुरावर हेच काम करायला गेलं की जुने अंदाज चुकतात. अमोनिया प्लांटमधला गॅस २५-३० बार दाबाचा असतो आणि त्यात सीओटूचा स्वतःचा दाब पाच बारच्या आसपास भरतो. कोळशाच्या धुरात सीओटू १२ टक्के आणि एकूण दाब हवेइतकाच, म्हणजे सीओटूच्या वाट्याला जेमतेम ०.१२ बार. शिवाय धुरात ऑक्सिजन, गंधक आणि राखेचे कण असतात. इतक्या विरळ सीओटूला धरायला अमाइनची पकड घट्ट लागते, आणि पकड जितकी घट्ट तितकी ती सोडवायला वाफ जास्त. या लेखात मी एकच उदाहरण घेऊन ही वाफ नेमकी कुठे जाते ते दाखवणार आहे, कारण धूर शुद्धीकरणाचं अख्खं गणित तिथेच बसतं किंवा बिघडतं.

उदाहरण ठरवून घेऊ

समजा, कोळशावर चालणाऱ्या एका बॉयलरच्या चिमणीकडे जाणाऱ्या धुरातला थोडा भाग आपण बाजूला वळवतो आणि त्यातून तासाला एक टन सीओटू काढतो. द्रावण साधं, सगळ्यांच्या ओळखीचं: पाण्यात ३० टक्के मोनोइथेनॉलअमाइन, म्हणजे एमईए. कंपन्यांची खास मिश्रणं यापेक्षा कमी वाफ खातात, पण एमईएचा हिशेब एकदा हातात बसला की बाकीची द्रावणं त्याच्याशी ताडून पाहता येतात.

एक टन सीओटू म्हणजे २२.७ किलोमोल. धुरातल्या सीओटूपैकी नव्वद टक्के पकडायचा ठरवला तर धुरात तो २५.३ किलोमोल यायला हवा. १२ टक्क्यांच्या हिशेबाने धूर २१० किलोमोल, म्हणजे तासाला सुमारे ४,७०० नॉर्मल घनमीटर. एवढ्या धुराला एक मीटरच्या आसपास व्यासाचा टॉवर पुरतो. उंची मात्र लागते. पॅकिंगच १५ ते २० मीटर घालावं लागतं, म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला हा प्लांट उगाच उंच आणि बारीक वाटतो.

पहिली पायरी: धूर आधी धुऊन थंड करा

बॉयलरमधून धूर १२० अंशांच्या पुढेमागे येतो. तो तसाच अमाइनवर सोडला तर पाणी उडून जाईल आणि सीओटू धरलाच जाणार नाही, कारण गरम अमाइन सोडतं, धरत नाही. म्हणून आधी पाण्याच्या फवाऱ्याचा क्वेंच टॉवर. त्यातून धूर ४० अंशांवर आणि पाण्याने संपृक्त होऊन बाहेर पडायला हवा.

याच टॉवरमध्ये गंधकाचाही बंदोबस्त करायचा. ट्रॉम्बेच्या वीज केंद्रात समुद्राच्या पाण्याने धूर धुऊन सल्फर डायऑक्साइड काढण्याची सोय आहे. पण प्रदूषणाच्या नियमाला पुरेशी असलेली सफाई अमाइनला पुरत नाही. अमाइनला १० पीपीएमच्या खालचा धूर लागतो. का, ते हिशेबातच पाहू. सल्फर डायऑक्साइडचा एक रेणू अखेरीस सल्फेट होऊन एमईएचे दोन रेणू अडकवून ठेवतो आणि हे बंधन स्ट्रिपरच्या, म्हणजे अमाइन उकळून सीओटू सोडवणाऱ्या टॉवरच्या, वाफेने सुटत नाही. आपल्या २१० किलोमोल धुरात १० पीपीएम असेल तर दिवसाला सुमारे सहा किलो एमईए असं अडकतं. तेच १०० पीपीएम असेल तर बासष्ट किलो. एमईएवर चालणाऱ्या नीट प्लांटमध्ये सगळ्या कारणांनी मिळून होणारी घट टनामागे साधारण दीड किलो धरतात, म्हणजे आपल्या २४ टनांना दिवसाला ३६ किलो. एकटा गंधक याच्या जवळपास पावणेदोनपट खाऊन टाकेल.

उलट, १०० वरून १० पीपीएमवर आणायला क्वेंचच्या पाण्यात तासाला दीड किलो कॉस्टिक पुरतं, आणि कॉस्टिक एमईएपेक्षा खूप स्वस्त. फक्त पीएच सांभाळायचा. तो सातच्या आसपास ठेवला तर कॉस्टिक गंधकावर खर्च होतं. उत्साहाने नऊवर नेला तर ते सीओटूच ओढायला लागतं आणि डोसिंग पंप कितीही चालवला तरी पीएच वर चढत नाही. कॉस्टिकचा खप अचानक वाढला आणि सल्फरचा आकडा मात्र जागचा हलला नाही, तर आधी पीएच मीटर तपासा.

दुसरी पायरी: ॲब्सॉर्बरमध्ये सीओटू धरणे

धूर खालून वर जातो, अमाइन वरून खाली येतं. एमईए हे प्राथमिक अमाइन आहे आणि त्याची सीओटूशी गाठ अशी पडते:

```
2 RNH2 + CO2 ⇌ RNHCOO⁻ + RNH3⁺
```

म्हणजे एक रेणू सीओटूला धरून कार्बामेट होतो आणि दुसरा रेणू त्यातून सुटलेला प्रोटॉन सांभाळतो. दोन अमाइन, एक सीओटू. म्हणून एमईएची भरण्याची मर्यादा, जिला आपण लोडिंग म्हणतो, व्यवहारात एका मोल अमाइनमागे अर्ध्या मोल सीओटूपाशी येऊन थांबते. एमडीईएसारखं तृतीयक अमाइन कार्बामेट बनवत नाही, बायकार्बोनेट बनवतं. तिथे एकास एक प्रमाण मिळतं आणि सोडवायला उष्णताही कमी लागते. पण ते इतकं संथ आहे की ०.१२ बारच्या धुरापुढे एकट्याने टिकत नाही. त्यात पायपरॅझिनसारखं चपळ अमाइन मिसळावं लागतं.

ही चपळाई मोजण्याच्या कामात मुंबईचा वाटा मोठा आहे. केंब्रिजमध्ये डँकवर्ट्स यांच्याकडे संशोधन करून परतलेले प्रा. एम. एम. शर्मा माटुंग्याच्या यूडीसीटी या रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेत, म्हणजे आजच्या आयसीटीत, शिकवू लागले. अल्कली आणि अमाइनमधल्या सीओटू शोषणावर या दोघांनी १९६६ साली मिळून लिहिलेला आढावा पुढे कितीतरी वर्षं ॲब्सॉर्बरच्या आकडेमोडीचा आधार राहिला.

आता अमाइन किती फिरवायचं? स्ट्रिपरमधून आलेल्या लीन अमाइनमध्ये थोडा सीओटू शिल्लक असतोच. लीन लोडिंग ०.२२ आणि ॲब्सॉर्बरच्या तळाला निघणाऱ्या रिच अमाइनचं ०.४७ धरू. म्हणजे प्रत्येक फेरीत एक मोल एमईए पाव मोल सीओटू वाहून नेतं. २२.७ किलोमोलला ९१ किलोमोल एमईए लागलं. एक किलो द्रावणात ४.९ मोल एमईए असतं, तेव्हा तासाला साडेअठरा टन द्रावण फिरवायचं. एक टन वायूसाठी साडेअठरा टन पाणी-अमाइन गरम करा, थंड करा, पुन्हा गरम करा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सीओटू धरताना उष्णता निघते, टनामागे सुमारे १.९ गिगाज्यूल. त्यामुळे टॉवरच्या वरच्या भागात तापमानाचा फुगवटा येतो आणि तिथे द्रावण ६५-७० अंशांपर्यंत चढू शकतं. टॉवरच्या उंचीवर चार-पाच ठिकाणी तापमान मोजलेलं असलं तर पॅनेलवर हा फुगवटा स्पष्ट दिसतो. तो रोजच्या जागेवरून खाली घसरू लागला, तर बहुतेक वेळा अमाइन गरजेपेक्षा जास्त फिरतंय, आणि जास्तीचं द्रावण ती उष्णता तळाकडे वाहून नेतंय. फुगवट्यामुळे थोडं एमईए वाफ होऊन धुराबरोबर निघतं, म्हणून माथ्यावर वॉटर वॉशचा वेगळा थर असतो. तिथे ते पाण्यात परत पकडलं जातं.

तिसरी पायरी: अदलाबदल

ॲब्सॉर्बरच्या तळाचं रिच अमाइन ५० अंशांच्या आसपास असतं, स्ट्रिपरच्या तळाचं लीन १२० अंशांवर. दोघांना प्लेट एक्स्चेंजरमध्ये एकमेकांसमोरून पाठवायचं. रिच गरम होतं, लीन थंड होतं. चांगला एक्स्चेंजर रिचला ११० अंशांपर्यंत नेतो, म्हणजे गरम टोकाला फरक १० अंशांचा उरतो. हे शेवटचे १० अंश वाफेने भरून काढायचे.

इथे एक गोष्ट डिझाइनमध्येच ठरवून टाकावी लागते. रिच अमाइन गरम होताना त्यातला सीओटू आधीच सुटायला बघतो. एक्स्चेंजरमध्ये आणि पुढच्या पाइपात तो सुटला तर फुगे आणि द्रावण मिळून धातू झिजवतात, आणि बेंडवर भोक पडायला वेळ लागत नाही. म्हणून रिच पंपाने दाब चार-पाच बारपर्यंत ठेवायचा आणि दाब सोडणारा व्हॉल्व्ह एक्स्चेंजरजवळ न बसवता स्ट्रिपरच्या तोंडाशीच बसवायचा. गरम रिचच्या पाइपला साधं पोलाद वापरू नये, स्टेनलेस घालावं.

चौथी पायरी: स्ट्रिपर, म्हणजे वाफेचं बिल

स्ट्रिपर सुमारे १.९ बार दाबावर चालतो. तळाच्या रिबॉयलरमध्ये बाहेरून आणलेली वाफ नळ्यांतून फिरते, द्रावण उकळतं आणि त्यातल्याच पाण्याची वाफ टॉवरमधून वर चढते. ती दोन कामं करते. एक, द्रावण गरम करून कार्बामेटची गाठ सोडवते. दुसरं काम नवख्यांच्या ध्यानात येत नाही: सुटलेला सीओटू ती बाजूला झाडून नेते, त्यामुळे द्रावणावर सीओटूचा दाब कमी राहतो आणि आणखी सीओटू सुटायला जागा मिळते. नुसतं गरम करून भागत नाही ते यामुळेच.

आता बिल. पहिली रक्कम गाठ सोडवण्याची. धरताना निघालेली १.९ गिगाज्यूल उष्णता परत द्यायची, यात सूट नाही. दुसरी रक्कम द्रावण तापवण्याची: साडेअठरा टन, किलोमागे ३.८ किलोज्यूल, १० अंश, म्हणजे ०.७ गिगाज्यूल. तिसरी रक्कम झाडून नेणाऱ्या वाफेची. स्ट्रिपरच्या माथ्यावरून १०० अंशांना निघणाऱ्या मिश्रणात पाण्याची वाफ सुमारे १ बार आणि सीओटू ०.९ बार असतो, म्हणजे सीओटूच्या एका मोलमागे पाणी १.१ मोल. हे पाणी पुढे कंडेन्सरमध्ये द्रव होऊन परत येतं, पण त्याची उष्णता थंड पाण्यात जाते. ती भरते साधारण १ गिगाज्यूल.

एकूण ३.६ गिगाज्यूल. साडेतीन बारच्या वाफेतून टनामागे २.१५ गिगाज्यूल मिळतात, म्हणजे एक टन सीओटूला सुमारे १.७ टन वाफ. साध्या एमईएच्या प्लांटमध्ये टनामागे साडेतीन ते चार गिगाज्यूल दिसतात, तेव्हा आपला हिशेब जमिनीवर आहे.

बिल असं फोडलं की कुठे हात घालता येईल ते कळतं. पहिली रक्कम रसायन बदलल्याशिवाय हलत नाही. उरलेल्या दोन आपल्या हातात असतात आणि दोन्ही लीन लोडिंगला बांधलेल्या आहेत. लीन ०.२२ ऐवजी ०.३० वर सोडलं तर झाडणारी वाफ कमी लागते, पण फेरीत फक्त ०.१७ मोल वाहून नेता येतात आणि द्रावण सत्तावीस टनांवर जातं. दीडपट प्रवाहाला एक्स्चेंजर अपुरा पडतो, गरम टोकाचा फरक १० वरून १५ अंशांवर जातो आणि तापवण्याची रक्कम ०.७ वरून दीड गिगाज्यूलच्या वर चढते. उलट लीन ०.१५ पर्यंत खरवडायला गेलं तर शेवटचा सीओटू काढायला वाफेचे लोट वर पाठवावे लागतात. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी वाफ सर्वांत कमी लागते, आणि ती जागा प्रत्येक प्लांटची वेगळी असते.

ती शोधायची रीत सरळ आहे. पकड ९० टक्क्यांवर कायम ठेवा. अमाइनचा प्रवाह पाच टक्क्यांनी बदला, पकड पुन्हा ९० वर येईल इतकी वाफ द्या, दोन-तीन तास काहीही न हलवता थांबा, मग वाफ आणि सीओटू दोन्ही मीटर लिहून घ्या. पुन्हा पाच टक्के. टनामागची वाफ आधी उतरेल आणि मग चढायला लागेल. थांबण्याची पायरी गाळू नका. द्रावणाची पूर्ण फेरी होऊन सगळी टाकी नव्या लोडिंगवर यायला वेळ लागतो आणि तोवर मीटर जुन्याच स्थितीचे आकडे दाखवतात.

शिफ्टमध्ये नेहमी होणारा एक गैरसमज इथेच सांगतो. लीन लोडिंग वाढलं की माणूस रिबॉयलरचं तापमान बघतो, ते १२० दिसतं, आणि म्हणतो वाफ बरोबर आहे. पण उकळत्या द्रावणाचं तापमान मुख्यतः दाब ठरवतो. वाफ वाढवली किंवा कमी केली तरी ते एखाद-दोन अंशच हलतं. वाफ पुरेशी आहे का, हे स्ट्रिपरच्या माथ्याचं तापमान सांगतं. ते १०० च्या आसपास असेल तर ठीक. ८५-९० वर घसरलं तर झाडायला वाफच वर पोहोचत नाहीये. १०५ च्या वर गेलं तर आपण कंडेन्सरला फुकट वाफ पाजतोय.

आणि रिबॉयलरला वाफ साडेतीन बारचीच द्या, तीही जास्तीची उष्णता काढून. तिचं तापमान १३९ अंश असतं. हेडरमधली १० बारची वाफ थेट जोडली तर नळीची बाहेरची बाजू १८० च्या दिशेने जाते, आणि नळीला लागून असलेलं एमईए तिथेच करपतं. १२०-१२५ अंशांच्या पुढे कार्बामेटचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन न सुटणारी संयुगं होतात. पॅनेलवर मात्र द्रावणाचं तापमान १२० च दिसत राहतं.

एक्स्चेंजर तुंबण्याचाही हिशेब करून ठेवा. गरम टोकाचा फरक १० वरून २० अंशांवर गेला की तापवण्याची रक्कम दुप्पट होते, ०.७ गिगाज्यूलची भर पडते, म्हणजे तासाला आणखी सव्वातीनशे किलो वाफ. दोन तापमानांची वजाबाकी रोजच्या लॉगशीटवर लिहिली तर प्लेटा कधी धुवायच्या ते कुणाला विचारावं लागत नाही.

लोडिंग मोजायचं कसं

वरचं सगळं लोडिंगच्या आकड्यावर उभं आहे, म्हणून हे हाताने करता यायला हवं. लीनचं दोन मिली सँपल घ्या, त्यात मिथाइल ऑरेंजचे दोन थेंब टाका आणि एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेट करा. पिवळा रंग नारिंगी होऊन लालसर व्हायला लागला की थांबा. द्रावण ३० टक्क्यांचं असेल तर सुमारे १० मिली आम्ल लागेल, म्हणजे सँपलमध्ये १० मिलीमोल मोकळं किंवा सीओटूने धरलेलं अमाइन आहे.

मग तेवढंच दुसरं सँपल बंद फ्लास्कमध्ये घ्या, फ्लास्कची नळी पाण्याने भरलेल्या गॅस ब्युरेटला जोडा आणि आम्ल भरपूर जास्त घाला. आम्ल सगळ्या अमाइनला व्यापतं आणि सीओटू फसफसून बाहेर येतो. ब्युरेटमध्ये सरकलेल्या आकारमानातून घातलेल्या आम्लाचं आकारमान वजा करायला विसरू नका. वातानुकूलित लॅबमध्ये २७ अंशांना एक मिलीमोल वायू साधारण २४.६ मिली जागा घेतो. लीनमधून ५४-५५ मिली वायू निघाला तर लोडिंग ०.२२. रिचमधून ११५ मिलीच्या आसपास निघाला तर ०.४७. ब्युरेटमध्ये साध्या पाण्याऐवजी आम्लयुक्त मिठाचं पाणी घ्या, नाहीतर थोडा सीओटू तिथेच विरघळतो आणि आकडा कमी येतो. रिचचं सँपल गरम असताना उघडं ठेवलं तर वायू आधीच उडून जातो. बाटली बर्फाच्या पाण्यात बुडवून, झाकण लावून लॅबला न्या.

मुंबईची हवा आणि पाण्याचा ताळेबंद

स्ट्रिपरला दिलेली उष्णता शेवटी कूलिंग टॉवरमध्येच जाते आणि मुंबईत त्याला दमट हवेची मर्यादा आहे. मे-जूनमध्ये ओल्या थर्मामीटरचं तापमान २७-२८ अंशांवर असतं, त्यामुळे कूलिंग वॉटर ३२ च्या खाली मिळण्याची आशा नको. लीन अमाइन ४० अंशांवर आणायला आठ अंशांचाच फरक हातात उरतो, म्हणून लीन कूलर इथे दिल्लीच्या कोरड्या उन्हाळ्यापेक्षा मोठा लागतो.

याहून फसवा भाग पाण्याचा आहे. धूर ४० अंशांवर संपृक्त होऊन आत येतो. वॉटर वॉशनंतर तो ४५ वर बाहेर पडला तर येताना आणलं त्याहून तासाला सुमारे ४५ किलो पाणी जास्त घेऊन जातो. दिवसाला टनभर पाणी गेलं. अमाइन ३० वरून ३२-३३ टक्क्यांवर जाड होत जातं, आणि जाड अमाइन गंज वाढवतं. उलट जानेवारीत कूलिंग वॉटर थंड आलं आणि कुणी वॉशचा कूलर तसाच पूर्ण उघडा ठेवला तर पाणी आत साठतं, टाकीची पातळी चढते आणि अमाइन पातळ होतं. तेव्हा लोक ड्रेन उघडतात आणि पाण्याबरोबर अमाइनही जातं. खरा इलाज म्हणजे धुराचं आत येण्याचं आणि बाहेर जाण्याचं तापमान जुळवणं. वॉश कूलरवरचा कंट्रोलर पातळीकडे बघून हळूहळू एक-दोन अंश हलवा आणि आठवड्याला दोनदा टायट्रेशनने टक्केवारी पडताळा.

द्रावण बिघडतंय हे ओळखायचं कसं

ताजं एमईए जवळपास रंगहीन असतं. धुरातल्या ऑक्सिजनने ते हळूहळू फुटतं आणि त्यातून फॉर्मेट, ऑक्झॅलेट, अमोनिया असे तुकडे निघतात. रंग पिवळसर होतो, मग कोऱ्या चहासारखा, मग काळपट. रंग हे ढोबळ लक्षण झालं. नेमकी खूण द्रावणातल्या लोहाची. लोह वाढतंय म्हणजे कुठेतरी धातू झिजतोय, आणि विरघळलेलं लोह ऑक्सिजनचा हल्ला आणखी वाढवतं. हे दोघं एकमेकांना ओढत नेतात, म्हणून लोहाचा आलेख वर वळला की रंगाची वाट बघत बसू नये. वॉटर वॉशच्या बाहेरच्या धुरात अमोनिया वाढला तर तोही याच बिघाडाचा सांगावा.

फेस हा वेगळा त्रास. राखेचे बारीक कण किंवा कुठून तरी आलेलं वंगण तेल अमाइनमध्ये गेलं की टॉवरमध्ये फेस धरतो. टॉवरचा दाबफरक अचानक वर-खाली नाचायला लागतो, तळाची पातळी खाली जाते आणि वॉश सेक्शनमध्ये अमाइन येतं. अँटिफोम घातलं की काही मिनिटांत शांतता होते आणि इथेच बरेच जण थांबतात. रोज अँटिफोम लागत असेल तर कार्बन फिल्टर संपलाय किंवा आधीचा मेकॅनिकल फिल्टर फाटलाय. जास्तीचं अँटिफोम पुढे स्वतःच फेसाला कारण होतं.

उष्णतेनेही न सुटणारे क्षार दोन-तीन टक्क्यांच्या पुढे गेले की रिक्लेमर चालवायचा. लीन अमाइनचा एक ते तीन टक्के प्रवाह एका छोट्या केटलमध्ये घ्यायचा, त्यात कॉस्टिक किंवा सोडा ॲश घालायचा आणि उकळत न्यायचं. सोडियम क्षारांना स्वतःकडे ओढतं आणि अडकलेलं अमाइन मोकळं होतं. ते पाण्याच्या वाफेबरोबर उडून स्ट्रिपरमध्ये परत जातं आणि खाली घाण उरते. ती घट्ट होत गेली की उकळण्याचं तापमान आपोआप चढतं. १४५-१५० ला थांबा, कारण त्यापुढे उरलेलं अमाइन वाचवण्यापेक्षा करपवणंच जास्त होतं. कॉस्टिक किती घालायचं ते क्षारांच्या मोजणीवरून ठरवा, अंदाजाने नको, कारण जास्तीचं सोडियम वाफेच्या थेंबांबरोबर वर गेलं तर स्ट्रिपरमध्ये बसतं.

पकडलेला वायू आणि उरलेला गाळ

कंडेन्सरनंतर हाती येणारा सीओटू कोरडा धरला तर ९९ टक्क्यांहून शुद्ध असतो. त्याला नेहमीचं गिऱ्हाईक युरियाचं. नैसर्गिक वायूवरच्या अमोनिया प्लांटमध्ये सगळ्या अमोनियाचा युरिया करायला सीओटू थोडा कमी पडतो. म्हणूनच इफ्कोच्या आंवला आणि फूलपूर कारखान्यांत २००६ साली रिफॉर्मरच्या धुरातून दिवसाला ४५० टन सीओटू काढणारे अमाइन प्लांट बसले. नैसर्गिक वायूचा धूर गंधकाच्या बाबतीत कोळशापेक्षा कितीतरी स्वच्छ असतो, त्यामुळे या धंद्याची सुरुवात तिथून होणं साहजिक होतं.

रिक्लेमरचा गाळ मात्र कुणालाच नको असतो. त्यात कॉस्टिक, लोह आणि अमाइनचे तुकडे असतात, धुरात नायट्रोजन डायऑक्साइड असेल तर थोड्या प्रमाणात नायट्रोसअमाइनही. तो ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटमध्ये, सोडायचा नाही, कारण तिथला जिवाणू मरतो. घातक कचरा म्हणून ड्रममध्ये भरून, मॅनिफेस्ट बनवून तळोज्याच्या प्रक्रिया केंद्रात पाठवायचा. ड्रम भरताना गाळ ६० अंशांच्या खाली येऊ द्या, नाहीतर झाकण लावल्यावर अमोनिया सुटून ड्रम फुगतो.